त्याच्या साखरपुड्याआधीचे तीन प्रश्न

अगं, तू पाठवलेलं सगळं निवांत बसून वाचलं. तुझा प्रश्न एका ओळीचा आहे: ‘ताई, हा त्याचा माझ्यावरचा विश्वास समजू, की जवळ राहायची वाट शोधतोय तो?’ उत्तरही एका ओळीत मिळालं तर तुला हायसं वाटेल, हे मला कळतं. पण त्याने तुला एक नाही, तीन प्रश्न विचारलेत आणि तिन्हींचा नूर वेगळा आहे. तू ते एकाच गाठोड्यात बांधलेस, म्हणून तुला झोप लागत नाहीये. आपण ते सोडवून एकेक बघू.

आधी परिस्थिती नीट समोर ठेवते, म्हणजे माझ्याकडून काही सुटायला नको. तुम्ही तीन वर्षं एकत्र होतात. तो बंगळुरूला गेला, तुला पुणं सोडायचं नव्हतं, आणि दीड वर्षापूर्वी भांडणतंटा न करता तुम्ही थांबलात. आता घरच्यांनी नाशिकचं स्थळ आणलं, बघण्याचा कार्यक्रम झाला, दोन्हीकडून होकार आला, आणि तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा. या सगळ्यात तुला आलेला पहिला मेसेज असा: ‘घरच्यांकडून साडी आणि अंगठी आहेच, माझ्याकडून तिला वेगळं काय देऊ? तुला यातलं कळतं.’ चार दिवसांनी रात्री उशिरा दुसरा: ‘ती फोनवर फार कमी बोलते. हो, चालेल, तुम्ही म्हणाल तसं. मी तिला आवडलो नाही का? तू गप्प व्हायचीस तेव्हा काय असायचं?’ आणि मग मध्यरात्रीनंतर तिसरा: ‘तिला तुझ्याबद्दल सांगू का? तू म्हणशील तसं. खरं सांगू, तुझ्याशी बोलताना जे हलकं वाटतं ते दुसऱ्या कुणाशीच वाटत नाही.’

पहिल्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. हा प्रश्न त्याने बहिणीलाही विचारला असता आणि मैत्रिणीलाही. उत्तर मिळालं की तो संपतो. तू ‘तिला वाचायची आवड आहे म्हणालास ना, मग पुस्तकं दे’ असं सुचवलंस, त्याने ‘थँक्स, मस्त’ लिहिलं आणि बोलणं तिथेच थांबलं. ते थांबलं हेच मला महत्त्वाचं वाटतं. भेटवस्तूवरून गाडी ‘तुला आठवतं का, तुझ्या वाढदिवसाला मी काय दिलं होतं’ इथवर गेली असती, तर तो प्रश्न भेटवस्तूचा नव्हता असं मी म्हटलं असतं. तसं काही झालेलं नाही, त्यामुळे त्या मेसेजचा उगाच कीस पाडू नकोस.

दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र आपल्याला थांबावं लागेल, कारण तो दिसतो साधा आणि आहे सगळ्यात अवघड. तो विचारतोय त्या मुलीबद्दल, आणि तिला तू कधी पाहिलेलंही नाहीस. तुला माहीत असलेली माणसं दोनच, तो आणि तू. मग तू उत्तर कुठून देणार? स्वतःतूनच. त्याने तर ती वाट तुला दाखवूनच दिली आहे, ‘तू गप्प व्हायचीस तेव्हा काय असायचं’ म्हणून. तू गप्प व्हायचीस ती रागाने, हे तुम्हा दोघांना पाठ होतं. तो समजूत काढायचा आणि तू बोलायला लागायचीस. आता ही तुझी किल्ली त्याने तिच्या कुलपाला लावली तर काय होईल? ती बिचारी रागावलेलीच नसेल आणि हा समजूत काढत बसेल. तिला वाटेल, मी असं काय केलं?

ती कमी का बोलते याची कितीतरी कारणं असू शकतात. फोन करायला घरात निवांत कोपरा नसेल. आई शेजारच्या खोलीत कान देऊन बसली असेल. ठरवून होणाऱ्या लग्नात पहिले काही आठवडे मुलगी समोरच्याला अजून ‘तुम्ही’ म्हणत असते, आणि आपलं प्रत्येक वाक्य सासरी पोचेल या धास्तीने तोलूनमापून बोलते. काही जणींचा स्वभावच फोनवर न खुलणारा असतो. आणि एक कारण असं आहे की ते मला तुझ्या कानावर घालावंच लागेल: तिचा होकार तिचा नसेल. वडिलांनी ठरवलं, काकांनी दुजोरा दिला, वय वाढतंय म्हणून आईने डोळ्यांत पाणी आणलं, आणि ती ‘चालेल’ म्हणाली. ‘तुम्ही म्हणाल तसं’ या वाक्यात लाजही असू शकते आणि नकारही. कुठलं काय आहे हे पुण्यात बसून तुला कळणार नाही, आणि बंगळुरूत बसून त्यालाही नाही.

म्हणून तिच्या मनाबद्दल तू एकही अंदाज त्याला देऊ नकोस. ‘लाजत असेल रे’ हा प्रेमळ अंदाजसुद्धा नको, कारण त्याने तो धीर मानला आणि खरंच तिचा नकार असला, तर एका मुलीचा बोलण्याचा शेवटचा मार्ग बंद झाला. त्याला एवढंच सांग की तिला प्रत्यक्ष भेट, मोठी माणसं आसपास नसतील अशा ठिकाणी, आणि साखरपुड्याच्या आधी. भेटल्यावर सरळ विचार की हा होकार तुझा स्वतःचा आहे का. आणि त्या प्रश्नासोबतच शब्द दे की नसेल तर नकार मी माझ्याकडून कळवेन, तुझ्यावर बोल येऊ देणार नाही. आपल्याकडे ठरलेलं लग्न मोडलं की मुलीला काय काय ऐकावं लागतं ते तुला माहीत आहे. हा शब्द आधी मिळाला नाही तर मनात नकार असलेली मुलगीसुद्धा ‘नाही, नाही, माझी इच्छा आहे’ असंच म्हणेल. लग्न दोघांच्या होकाराने होत असेल तर तिला बोलायला मोकळीक मिळेल, आणि नसेल तर दोघंही वाचतील.

तिच्याबद्दल तुला काही माहीत नाही, पण त्याच्याबद्दल जे माहीत आहे ते दुसऱ्या कुणाला नाही. एक्सकडे खरोखर देण्यासारखं असतं ते हेच. तूच मला सांगायचीस ना, ऑफिसात ताण आला की तो दोन-दोन दिवस गायब होतो, फोन उचलत नाही, मग काही झालंच नाही अशा थाटात परत येतो. त्या दोन दिवसांत तू किती कुढलीस ते मी पाहिलंय. ही गोष्ट त्या मुलीला पहिल्यांदा अनुभवाला येईल तेव्हा ती स्वतःलाच दोष देईल. तेव्हा त्याला सांग: ‘ताण आला की तू गप्प होतोस, ही तुझी सवय तिला आधीच सांगून ठेव, आणि तेव्हा निदान एक मेसेज टाकत जा.’ हा सल्ला तिच्याविषयी नाही, तुमच्या जुन्या दिवसांविषयीही नाही. तो त्याच्याविषयी आहे आणि त्याने तो मानला तर फायदा तिचा आहे.

आता तुझ्या मूळ शंकेकडे येते. एक्सशी मैत्री का टिकवली जाते यावर अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या रिबेका ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांनी दिलेली कारणं त्यांनी चार गटांत मांडली. एक, त्या माणसाचा आधार आणि भरवसा गमवायचा नसतो. दोन, व्यवहार अडकलेला असतो, म्हणजे एकच ऑफिस, एकच मित्रमंडळी, मुलं किंवा पैसे. तीन, उगाच कटुता नको म्हणून सभ्यपणा. आणि चार, मनातून ओढ गेलेलीच नसते. आधारापोटी किंवा व्यवहारापोटी टिकवलेल्या मैत्रीत लोकांना चांगले अनुभव जास्त आले, आणि न संपलेल्या ओढीपोटी टिकवलेली मैत्री जास्त मनस्ताप देणारी ठरली. तू म्हणशील, मग याचा तर आधारच आहे, ‘तुझ्याशी बोलताना हलकं वाटतं’ म्हणतो. हो, पण हा अभ्यास एक्स असलेल्या त्या दोघांचा. तुमच्यात तिसरी व्यक्ती आहे, आणि तुझी शंका सगळी तिच्यापाशीच येऊन अडते. शिवाय तिकडच्या लोकांच्या अनुभवात ‘नाशिकचं स्थळ’ नसतं, हेही लक्षात ठेव.

त्या तिसऱ्या व्यक्तीच्या जवळ जाणारा अभ्यास लिंडसे रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांचा, 2016 सालचा, कॉलेजमधल्या तरुणांवरचा. सध्या कुणाबरोबर तरी असलेली मुलं-मुली जुन्या जोडीदाराशी बोलत राहतात, ती का, असं त्यांनी विचारलं. एक्स मित्रमंडळींतला आहे म्हणून बोलणं होतं असं सांगणाऱ्यांची आताच्या नात्यातली बांधिलकी बरी होती. उद्या हे नाही जमलं तर ते आहे, अशा राखीव भावनेने संपर्क ठेवणाऱ्यांची बांधिलकी आणि समाधान दोन्ही कमी होतं. यातून कारण कुठलं आणि परिणाम कुठला ते ठरत नाही. आताचं नातं डळमळीत म्हणून माणूस मागे वळून बघतो, की मागे बघतो म्हणून नातं डळमळतं, कोण सांगणार? पण तुला हवी ती खूण यात सापडते. तो बोलतो की नाही यापेक्षा तू त्याच्या आयुष्यात कुठल्या जागी आहेस ते बघायचं, आणि ती जागा त्या मुलीला दिसते का, तेही बघायचं.

म्हणून त्याच्या तिसऱ्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वजन देते. ‘तिला तुझ्याबद्दल सांगू का? तू म्हणशील तसं.’ वरवर बघता किती मोठा मान आहे हा! पण यात तुझ्या वाट्याला येतं काय ते बघ. तू ‘नको सांगू’ म्हणालीस, तर त्या दोघांच्या लग्नात पहिल्या दिवसापासून एक गुपित असेल आणि ते राखणारी दुसरी व्यक्ती तू असशील. पुढे कधीतरी ते तिला कळलं, आणि अशा गोष्टी एखाद्या जुन्या फोटोतून किंवा मित्राच्या लग्नातल्या गप्पांतून कळतातच, तर तो म्हणू शकेल की तिनेच नको सांगितलं होतं. आणि तू ‘सांग’ म्हणालीस आणि लग्न फिसकटलं, तरी बोट तुझ्याकडेच. निर्णय त्याचा आहे, त्याचं ओझं तू अंगावर घेऊ नकोस.

तुझ्या हातात यातला एकच भाग आहे: तुझं नाव. ते सांगायला तुझी हरकत आहे की नाही हे फक्त तूच सांगू शकतेस, तेव्हा ते स्पष्ट सांगून टाक. बाकी माझं मत विचारशील तर त्याने तिला साखरपुड्याआधी सांगावं. तीन वर्षांचं नातं होतं, दीड वर्षापूर्वी संपलं, अधूनमधून अजून बोलणं होतं, एवढं पुरे. कुठे फिरायला गेलो, काय काय झालं, हा तपशील तिलाही नकोसा आणि तुझाही अपमान करणारा. त्यातलं ‘अजून बोलणं होतं’ मात्र गाळायचं नाही. जुनं प्रेम होतं हे ऐकून आजकालच्या मुली सहसा दचकत नाहीत. आपल्याला सांगितलं नाही म्हणून त्या दुखावतात, आणि ते योग्यच आहे.

इथे तुला एक गोष्ट त्याला सरळ विचारायची आहे: ‘आपण बोलतो हे तिला चालेल का, असं तू तिला विचारशील का?’ आणि मग त्याचं उत्तर नीट ऐक. मैत्री असेल तर तो थोडा चाचरेल, वेळ मागेल, पण विचारीन म्हणेल. ‘तिला कशाला सांगायचं, उगाच गैरसमज होईल’ म्हणाला, तर तो काय सुचवतोय ते तुझं तुलाच कळेल. तुझ्या एका मैत्रिणीचा नंबर तिच्या एक्सने कुठल्याशा मित्राच्या नावाने सेव्ह केला होता असं तू सांगितलं होतंस. तसं काही, किंवा ‘मी आपलं चॅट डिलीट करत असतो’ असं काही कानावर आलं, तर मग विश्वासाबद्दल चर्चा करायची गरजच उरत नाही. भरवसा ज्या मैत्रीवर असतो तिचे मेसेज पुसावे लागत नाहीत.

आणि ते ‘तुझ्याशी बोलताना जे हलकं वाटतं’. ते खोटं नसणार. तीन वर्षं एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांना हलकं वाटतंच. तिच्याशी त्याची ओळखच दोन महिन्यांची, तिथे लगेच कसं वाटेल? पण जे तिच्याबरोबर हळूहळू तयार व्हायला हवं ते त्याला तुझ्याकडे आयतं मिळत राहिलं, तर तिच्याशी अवघडलेपण सोसून बोलत राहायची त्याला गरजच वाटणार नाही. रात्री दहा वाजता तिच्या ‘हो’, ‘चालेल’ने कंटाळायचं आणि साडेअकराला तुझ्याकडे मोकळं व्हायचं, हे वर्षभर चाललं तर त्या लग्नाचं काय होईल? त्याचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्याला हे दिसतही नसेल. तुला दिसतंय, म्हणून तुला बोलावं लागेल.

आता थोडं तुझ्याबद्दल. तू सगळं त्याच्याविषयी लिहिलंस, स्वतःविषयी एकच वाक्य लिहिलंस, की मेसेज येऊन गेला की दुसऱ्या दिवशी कामात लक्ष लागत नाही. ते वाक्य मी सोडणार नाही. डेव्हिड स्बारा आणि रॉबर्ट एमरी या मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली नुकतंच नातं तुटलेल्या तरुणांच्या 28 दिवसांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा जुन्या जोडीदाराशी संपर्क होत राहिला, त्यांचं प्रेम आणि दुःख दोन्ही ओसरायला जास्त वेळ लागत होता. ती मंडळी नुकतीच वेगळी झालेली होती आणि तुझं दीड वर्ष झालंय, तेव्हा ते जसंच्या तसं तुला लागू होईल असं नाही. तरी तुझी अवस्था तूच पडताळून बघ. पहिल्या मेसेजनंतर तू शांत झोपलीस. तिसऱ्यानंतर नाही. म्हणजे त्याच्याशी बोलण्याचा त्रास नाहीये तुला, त्या विशिष्ट बोलण्याचा आहे. आणखी एक विचारते, रागावू नकोस. ती कमी बोलते हे वाचलंस तेव्हा आत कुठेतरी बरं वाटलं का? वाटलं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ज्या विषयात असं बरं वाटतं त्या विषयात तुझा सल्ला निखळ राहणार नाही. तेवढ्यापुरतं ‘यावर मला नको विचारूस’ म्हणणं त्याच्याही भल्याचं आहे.

काय लिहू म्हणालीस, तर मी असं लिहीन. रात्री नाही, दिवसा, आणि एकाच मेसेजमध्ये: ‘तुझं छान होवो असं मला मनापासून वाटतं. तिच्या मनात काय आहे हे मला माहीत नाही, ते तिलाच एकटीला भेटून विचार आणि नाही म्हणायची मोकळीक दे. माझं नाव तिला सांगायला माझी हरकत नाही, सांगायचं की नाही ते तू ठरव, पण माझं मत साखरपुड्याआधी सांगावं असं आहे. तुमच्या दोघांतल्या गोष्टी यापुढे माझ्याशी नको बोलूस, मला जड जातं. बाकी कामाचं, घरचं, कधीही विचार.’ ‘जड जातं’ हे शब्द गाळू नकोस. ते गाळलेस तर वाचताना तो फक्त नियम वाचेल, आणि नियमाशी माणूस वाद घालतो.

यावर तो काय करतो ते दोन-तीन आठवडे बघ. दोन दिवस गप्प बसला तर घाबरू नकोस, ती त्याची सवयच आहे. मग एखाद्या दुपारी तुझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करणारा किंवा नोकरीबद्दलचा साधा मेसेज आला, तर मैत्री आहे आणि ती टिकेल. ‘तू बदललीस’, ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ असं आलं, किंवा तोच विषय नव्या तोंडाने, ‘फक्त शेवटचं एक विचारतो’ म्हणत परत आला, तर त्याला सल्ला नको होता. तेव्हा उत्तर द्यायचं नाही. ब्लॉक करायची गरज नाही, वाद घालायची तर मुळीच नाही. रात्री आलेल्या मेसेजला उत्तर मिळत नाही हे त्याला आपोआप समजेल.

राहिला साखरपुड्याच्या बोलावण्याचा प्रश्न, जो तू शेवटी घाईघाईत विचारलास. तिला तुझ्याबद्दल माहीत असेल आणि आमंत्रण दोघांकडून असेल, तर जा. जमल्यास तुमच्या जुन्या ग्रुपबरोबर जा, म्हणजे तिकडच्या नातेवाइकांना तू कोण हे एकटीला सांगत बसावं लागणार नाही. आहेर तिच्या हातात दे, दोन शब्द तिच्याशी बोल, जेव आणि नाशिकहून संध्याकाळच्या गाडीने परत ये. तिला माहीत नसेल, तर कितीही आग्रह झाला तरी जाऊ नकोस, रजा मिळत नाही म्हण. मंडपात त्याची मावशी ‘ही कोण गं?’ म्हणून विचारेल तेव्हा तुझ्यावर आणि तिच्यावर खोटं ऐकायची वेळ यायला नको.